पंचनाम्यात ‘आत्महत्या’ लिहिलं, म्हणजे ठरलं का?

पत्र: काका, माझे वडील (वय 52) पंधरवड्यापूर्वी रात्री शेतात मोटार चालू करायला गेले ते परत आलेच नाहीत. सकाळी विहिरीत सापडले. चपला काठावर होत्या, बॅटरी मोटारीपाशी पडलेली, स्टार्टर चालू होता पण मोटार पाणी उचलत नव्हती. हवालदारांनी पंचनामा केला, आमचे चुलते पंच होते. आता नक्कल हातात आली तर शेवटी लिहिलंय, ‘कर्जास कंटाळून विहिरीत उडी घेऊन आत्महत्या केली असावी असे पंचांचे मत आहे.’ बाबांचं सोसायटीचं पीककर्ज होतं, पण थकलेलं नव्हतं. कृषी कार्यालयात म्हणाले, आत्महत्या असेल तर अपघाताचे पैसे मिळणार नाहीत. भाऊ म्हणतो, बांधावरून ज्यांच्याशी वाद होता त्यांनीच ढकललं असेल. आई तर काहीच बोलत नाही. हा पंचनामा म्हणजे शेवटचा निकाल का? तो बदलून घेता येतो का? — एक लेक

उत्तर:

ताई, निकाल नाही. पंचनामा बदलूनही मिळणार नाही, आणि तुम्ही त्याच्या मागे लागूही नका. मात्र त्याच्यानंतर जे कागद तयार होतात त्यांत तुमचं म्हणणं यायलाच हवं, आणि ते यायची वेळ हीच आहे. त्याचं कारण आधी समजून घ्या, मग काय करायचं ते आपोआप कळेल.

असा मृत्यू झाला की ठाण्यात गुन्हा नोंदवत नाहीत, अकस्मात मृत्यूची नोंद करतात. ठाण्याच्या भाषेत ती ‘ए.डी.’. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 लागू आहे, मजकूर जवळपास तोच. आत्महत्या, अपघात, यंत्रात सापडून किंवा जनावरामुळे आलेलं मरण, कोणी मारल्याचा किंवा नुसताच संशय असलेलं मरण, सगळ्याला हेच कलम. पोलिसांनी जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, मृतदेह असेल तिथे जायचं, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमोर देह पाहायचा आणि लिहून काढायचं: अंगावर कोणत्या जखमा, कुठे खरचटलं, कुठे हाड मोडलं, त्या कशाने झालेल्या दिसतात आणि वरवर पाहता मृत्यूचं कारण काय दिसतं. हा झाला इन्क्वेस्ट पंचनामा. विहिरीचा वेगळा होतो, तो घटनास्थळ पंचनामा. तुमच्या हातात यातला कोणता आहे ते पाहा आणि दुसऱ्याची नक्कलही मागून घ्या. तुमच्या कामाचा खरा मजकूर बहुतेक त्या दुसऱ्यात आहे.

नव्या कायद्यात एक वाढ झाली. हा अहवाल 24 तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांतांकडे, जायला हवा. आता विचार करा, व्हिसेराची, म्हणजे देहातून काढून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांची, तपासणी होऊन यायला महिने लागतात. शवविच्छेदनाचा अहवालसुद्धा अनेकदा ‘मत राखून ठेवले’ असा येतो. मग पहिल्या दिवशी लिहिलेल्या कागदाला मृत्यूचं अंतिम कारण ठाऊक असणारच कसं? म्हणून तर त्यात ‘असावी’ लिहिलेलं असतं. त्या कागदाने एवढंच ठरतं, की हे मरण नैसर्गिक नाही किंवा त्याबद्दल शंका आहे, आणि देह डॉक्टरांकडे पाठवायला हवा की नको. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पेड्डा नारायणा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात हेच सांगितलं होतं. कोणी मारलं, कसं मारलं, कोणत्या परिस्थितीत मारलं हा या चौकशीचा विषयच नाही. मृत्यू संशयास्पद आहे का आणि त्याचं वरवरचं कारण काय, इथे ती थांबते. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात 2020 साली पुन्हा हाच मुद्दा आला. मुंबई पोलिसांची चौकशी कलम 174 खाली चालू होती आणि गुन्हा नोंदलेला नव्हता. ही चौकशी मर्यादित असते, तिला गुन्ह्याचा तपास म्हणता येत नाही, हे न्यायालयाने त्या निकालात धरून चाललं.

आता त्या वाक्यातल्या कर्जाबद्दल बोलू, कारण खरं नुकसान त्याने केलंय. ‘पंचांचे मत’ हा रकाना भरताना हवालदार बहुतेक वेळा समोरच्यांना विचारतात, काय झालं असेल हो? गावातला माणूस सहज बोलून जातो, कर्जाचं टेन्शन होतं. कधी तो मुद्दाम बोलतो, आणि तेही वाईट हेतूने नाही. कर्जबाजारीपणामुळे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकारकडून 1 लाख रुपये मिळतात हे गावोगाव माहीत असतं; घराला मदत होईल म्हणून बोललेलं वाक्य मग घराच्याच आड येतं. तुमच्या चुलत्यांनी यातलं काय केलं ते त्यांनाच शांतपणे विचारा, भांडू नका. ते उद्या पुरवणी जबाबात म्हणाले की ‘मी प्रत्यक्ष काही पाहिलेलं नाही, कर्ज थकल्याचीही मला माहिती नाही, अंदाजाने बोललो’, तर त्या ओळीत काही उरत नाही. पंच हा देहाच्या स्थितीचा साक्षीदार. माणसाच्या मनात काय होतं याचा तो साक्षीदार नव्हे. कायद्यात तर असंही आहे की अहवालाशी जे सहमत असतील त्यांनी सही करायची. न पटणाऱ्याने सही केलीच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही, पण हे पंचांना सांगतो कोण!

पुढे डॉक्टरांचा अहवाल. तो आल्यावर सगळं कळेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तिथे थोडी सावध करतो. तोंडानाकाशी बारीक पांढरा फेस, पाण्याने फुगलेली फुप्फुसं, श्वासनलिकेत गाळ, मुठीत घट्ट धरलेलं शेवाळ किंवा गवत ही लक्षणं असली तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता असं म्हणता येतं. हाडाच्या मगजात विहिरीच्या पाण्यातले डायअॅटम, म्हणजे सूक्ष्म शैवालं, सापडले तर त्याला दुजोरा मिळतो. पण जिवंत माणूस पाण्यात घसरून पडला, उडी मारून पडला की ढकलल्याने पडला, तिन्हीत फुप्फुसं सारखीच दिसतात. डॉक्टर ‘पाण्यात बुडून श्वास कोंडल्याने मृत्यू’ एवढं लिहितील, आणि ते बरोबरच असेल. अपघात की आत्महत्या हे देह सांगत नाही. ते विहीर, मोटार, वेळ आणि माणसाचा त्या दिवसाचा दिनक्रम सांगतात.

म्हणून तुमच्या विहिरीवरच येऊ. काठावरच्या चपला पाहिल्या की पोलीस लगेच आत्महत्येकडे झुकतात, कारण तशा बऱ्याच घटनांत चपला, मोबाइल काठावर नीट ठेवलेले सापडतात. पण शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना कोणता शेतकरी पायात चप्पल ठेवतो? मोटार जर आत कट्ट्यावर बसवलेली असेल आणि स्टार्टर चालू असूनही पाणी उचलत नसेल, तर तिने हवा धरली असणार. मग माणूस खाली उतरतो, पाइपात पाणी भरतो, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला का ते बघतो. त्याला हातात बॅटरी लागते, ती तो मोटारीपाशी ठेवतो. चपला, बॅटरी आणि स्टार्टर एकत्र मांडले की कामाला उतरलेला माणूस दिसायला लागतो. चपला एकट्याच लिहिल्या तर वेगळंच चित्र उभं राहतं. घटनास्थळ पंचनाम्यात बॅटरी आणि स्टार्टर आलेत का, हे म्हणून पाहायला सांगितलं. आले नसतील तर ज्यांनी ते पहिल्यांदा पाहिले, वडिलांना बाहेर काढणारे, स्टार्टर बंद करणारे, त्यांचे जबाब नोंदवायला सांगा. या घटनेची माहिती असलेल्या कोणालाही पोलीस लेखी आदेशाने बोलावू शकतात, कलम 195 मध्ये तशी तरतूद आहे. मोटार आणि पाइप अजून तसेच असतील तर हात लावू नका, दुरुस्त करून पाणी सुरू करायची घाई तर मुळीच नको.

आणखी एका गोष्टीचा कोणी विचार केलेला दिसत नाही. ओल्या विहिरीत चालू मोटारीजवळ माणूस गेला, तर शॉक बसून पडण्याची शक्यता बुडण्याइतकीच जवळची. शवविच्छेदन अहवालात बाह्य जखमांचा रकाना असतो. त्यात तळहातावर, बोटांवर किंवा तळपायावर लहानशी, कडक कडांची, मधे खोलगट भाजल्यासारखी खूण लिहिली आहे का बघा. असेल तर ती फार बोलकी. नसली म्हणून शॉक नव्हताच असं मात्र धरू नका, ओल्या अंगाला शॉक बसल्यावर खूण उमटतेच असं नाही. ही शंका लेखी मांडून मोटार, वायर आणि स्टार्टरची तपासणी विद्युत निरीक्षकांकडून करून घेण्याची विनंती पोलिसांना करा. डोक्याला मार असेल तर त्याच्यासाठीही हाच रकाना. जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची, आणि विहिरीच्या दगडावर आपटून अशी होऊ शकते का, हे पोलीस डॉक्टरांना लेखी विचारू शकतात. बऱ्याच प्रकरणांत ते विचारलंच जात नाही. अर्जात लिहून द्या, म्हणजे विचारावं लागेल.

अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावाने करायचा, वर ए.डी.चा नंबर घालायचा, एक प्रत प्रांतांना द्यायची आणि दोन्हीकडची पोच घ्यायची. अर्जात भावना लिहू नका. त्या आठवड्यात तुमच्या फीडरला शेतीची लाईट रात्री होती, हे महावितरणच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाकडून लेखी घ्या. रात्री कोणी उगाच विहिरीवर जात नाही. लाईट रात्रीची असल्यावर जावंच लागतं, हे त्या एका कागदातून कळतं. सोसायटीच्या सचिवांकडून खातेउतारा घ्या, कर्ज थकीत नव्हतं हे त्यावरून दिसेल. त्या दिवशी वडिलांनी उद्याचं काही ठरवलं होतं का, मजूर सांगितले होते का, खत आणलं होतं का, कोणाशी फोनवर काय बोलणं झालं, हे ज्यांना माहीत आहे त्यांची नावं लिहा. आईचा जबाब घ्यायचा झाला तर तो घरीच घ्यावा; स्त्रीला त्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हे सगळं खरं असेल तरच करा. वडील गेले काही दिवस गप्प होते, काही बोलून गेले होते, असं घरात कोणाला ठाऊक असेल तर ते लपवून अपघाताचा जबाब देऊ नका. जबाब खोटा निघाला तर पैसे जातातच, वर आईला उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. आई काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून आधी तिच्याजवळ बसा. पोलिसांच्याही आधी.

पुढचा प्रवास असा. व्हिसेराच्या बाटल्या, म्हणजे जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या द्रावणात आणि रक्त वेगळं, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. विष किंवा दारू होती का ते तिथे कळतं. तो अहवाल आल्यावर डॉक्टर अंतिम मत देतात, पोलीस अंतिम अहवाल करून प्रांतांकडे पाठवतात. विमा कंपन्या पुष्कळदा हाच अहवाल मागतात, पहिल्या दिवशीचा पंचनामा त्यांना पुरत नाही. प्रांत तो मान्य करू शकतात, त्रुटी काढून परत पाठवू शकतात किंवा कलम 196 खाली स्वतः चौकशी करू शकतात. स्वतः चौकशी करणार असतील तर शक्य असेल तिथे जवळच्या नातेवाइकांना कळवायचं आणि हजर राहू द्यायचं, असं कायदा सांगतो. म्हणूनच अर्जाची प्रत त्यांच्या टेबलावर अंतिम अहवालाच्या आधी पोहोचलेली असावी. तुमच्या हातातला ‘असावी’ अंतिम अहवालात आपोआप ‘केली’ होऊन बसतो तो याच टप्प्यावर, कारण मधल्या काळात कोणीच काही वेगळं लिहून दिलेलं नसतं.

भावाच्या संशयाबद्दल. पंचनाम्यात कोणाचं नाव नाही याचा अर्थ कोणी निर्दोष ठरलं असा होत नाही, नाव लिहिणं हे त्या कागदाचं कामच नव्हतं. तुमच्याकडे ठोस काही असेल, म्हणजे त्या रात्री त्या माणसाला तिथे पाहणारा कोणी, धमकी, घसरून होणार नाही अशी जखम, तर फिर्याद द्या. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर पोलिसांना तो नोंदवावाच लागतो, हे ललिता कुमारी निकालात 2013 साली ठरलेलं आहे, आणि ए.डी. चालू असणं त्याच्या आड येत नाही. नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जायचं, तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पण हातात फक्त बांधाचा जुना वाद असेल, तर तो संशय वरच्या अर्जात घालू नका. एकाच अर्जात ‘काम करताना पडले’ आणि ‘ढकललं’ असं दोन्ही लिहिलं की वाचणारा दोन्हीवर विश्वास ठेवत नाही. भावाला विचारा, काय पाहिलंस? त्याचं उत्तर ऐकून ठरवा.

पैशाचं मात्र थांबवू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख रुपये आहेत, आत्महत्या त्यात बसत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि मुदत घटनेपासून 30 दिवसांची. तुमचे निम्मे दिवस गेलेत. अंतिम अहवाल यायचाय म्हणून अर्ज अडवत असतील, तर आहेत ती कागदपत्रं जोडून अर्ज दाखल करा, ‘अंतिम अहवाल आल्यावर सादर करू’ असं त्यावर लिहा आणि पोच घ्या. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. पोलीस पाटलांचा माहिती अहवालही लागतो, तो त्यांनी काय लिहिलाय ते देण्याआधी वाचा.

शिवाय वडिलांचं बँकेचं पासबुक काढा. मे-जूनच्या आसपास 20 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला 2 लाख. 436 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. तिचं संरक्षण वयाच्या 55 पर्यंत चालू राहतं आणि मृत्यू कशामुळे झाला हा प्रश्न तिथे सहसा अडत नाही, कारण ती नुसत्या अपघाताची योजना नाही. तो दावा आजच बँकेत देता येईल. कुठल्या कंपनीने आत्महत्या म्हणून दावा नाकारलाच, तर नकार लेखी घ्या. आत्महत्या होती हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि पंचांचा अंदाज एवढाच तिच्याकडे पुरावा असेल तर ग्राहक आयोगात तो फारसा टिकत नाही.

सोमवारी ठाण्यात जाल तेव्हा घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल आधी मागा, मग अर्ज लिहा. नक्कल पाहून काही अडलं तर पुन्हा कळवा.